पाळीचे अंतर आणि पाळीतले रक्त : आधी काय तपासावे

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. १३व्या वर्षी पाळी सुरू झाली. कधी पाच आठवड्यांनी येते, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की नऊ-दहा दिवस खूप जाते. रात्री उठून पॅड बदलावे लागते. इथे इंदूरलाच सोनोग्राफी केली, त्यात पीसीओडी लिहिले आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात सगळ्यांना असेच जाते, लग्न झाले की ठीक होईल. थांबावे की तपासण्या कराव्यात?

उत्तर :

तपासण्या कराव्यात आणि याच महिन्यात कराव्यात. मात्र सोनोग्राफीच्या कागदावर जे लिहिले आहे त्यासाठी नव्हे. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. पाळी उशिरा येते ही एक, आणि आली की फार जाते ही दुसरी. घरातली काळजी बहुतेक वेळा पहिलीभोवती फिरते, कारण तारीख कॅलेंडरवर दिसते. माझी काळजी दुसरीबद्दल आहे.

आधी अंतराचे पाहू. पाळी वेळेवर येण्यासाठी अंडाशयातून बीज बाहेर पडावे लागते. बीज बाहेर पडल्यावर तिथे मागे उरणारी पेशींची गाठ प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक बनवते. ते दोनेक आठवडे टिकते आणि ओसरले की गर्भाशयाचे अस्तर एकाच वेळी गळून पडते. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ पुरता बसलेला नसतो, त्यामुळे अनेक महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, आणि एकटे इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहते. भिंतीवर गिलाव्यावर गिलावा चढवत जावे, पण तो मुरू देऊ नये, तसे ते होते. मग आज इथला पोपडा पडतो, उद्या तिथला, आणि रक्तस्राव दिवसेंदिवस चालू राहतो. म्हणून पहिल्या वर्षात पाळी पुढे-मागे होणे स्वाभाविक मानतात. पहिल्या ते तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. तीन वर्षांनंतर मात्र ते २१ ते ३५ दिवसांत यावे किंवा वर्षात निदान आठ पाळ्या याव्यात, अशी अपेक्षा असते. हे अंतर पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असते. पुष्कळ आया ते पाळी संपल्यापासून मोजतात आणि दहा दिवसांची गफलत होते. पहिले वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून जास्त खंड पडला, तरी तो तपासावा. परीक्षेच्या वर्षात झपाट्याने वजन उतरलेल्या मुलीची पाळी थांबते, ते प्रकरण निराळे आहे आणि त्यात आधी तिचे जेवण पाहावे लागते.

तुमची मुलगी नेमकी तीन वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. त्यामुळे अंतराची तपासणी करायला हरकत नाही, परंतु पीसीओडीचा शिक्का मात्र पुसून टाका. या वयातल्या निरोगी मुलींच्या अंडाशयांतही बारीक पुटिका भरपूर दिसतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्टपणे सांगतात. किशोरवयात ते निदान करण्यासाठी पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा जोर, म्हणजे हनुवटीवर किंवा छातीवर राठ केस, हट्टी मुरुमे किंवा रक्तात वाढलेले टेस्टोस्टेरॉन, या दोन्ही गोष्टी लागतात. त्यातली एकच असेल तर पुढे लक्ष ठेवायचे, नाव द्यायचे नाही. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत सर्वांत वर सोनोग्राफीचा चकचकीत कागद असतो आणि हिमोग्लोबिनचा कागद नसतोच, याचे मला पंचवीस वर्षांनंतरही नवल वाटते.

आता रक्ताचे. 'जास्त' म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळे असते, कारण तुलना आई-आजीशीच होते. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, दोन तासांच्या आत पॅड पूर्ण भिजणे, रात्री पॅड बदलण्यासाठी उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे, आणि कपड्यांना डाग लागेल म्हणून शाळा बुडणे, यांतले काहीही नेहमी होत असेल तर ते जास्तच आहे. आकडा हवा असेल तर सोपा हिशेब आहे. मुलीने वहीत प्रत्येक वापरलेल्या पॅडची नोंद करावी : किंचित डागलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, लहान गाठीला १ आणि मोठ्या गाठीला ५. एका पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव ८० मिलिलिटरपेक्षा जास्त असण्याची शक्यता पुष्कळ असते. हा आकडा तंतोतंत नसतो, कारण पॅडचे आकार वेगळे असतात. पण 'खूप जाते' या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरला त्याचा कितीतरी अधिक उपयोग होतो.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. दोन महिन्यांचा खंड पडून आलेली पाळीच तेवढी जोरात जाते आणि वेळेवर आलेली बेताची असते, तर दोष बहुधा बीज न पडण्याचा आहे. परंतु पहिल्याच पाळीपासून प्रत्येक पाळी, अगदी वेळेवर आलेलीसुद्धा, अशीच जात असेल, तर रक्त थांबवण्याच्या यंत्रणेतच कमतरता आहे का, हे पाहावे लागते. खूप पाळी जाणाऱ्या किशोरवयीन मुलींची नीट तपासणी केली, तर त्यांतल्या पाचांपैकी एकीपर्यंत अशी काहीतरी कमतरता सापडू शकते. त्यांत सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे फॉन विलेब्रांड; रक्त थांबवायला मदत करणारा याच नावाचा रक्तातला घटक त्यात कमी किंवा सदोष असतो. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ साली त्याचे वर्णन केले. ज्या लहान मुलीवरून त्यांच्या अभ्यासाची सुरुवात झाली, ती पुढे १३व्या वर्षी चौथ्या पाळीतच रक्तस्रावाने दगावली होती. आज आपल्याकडे असे होण्याचे कारण नाही, पण आजार नजरेतून सुटण्याची कारणे अजून तीच आहेत.

ती कशी, हे एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. रामबाग भागातली १७ वर्षांची मुलगी आजीबरोबर आली होती. बारावा दिवस चालू होता. हातातल्या फाइलीत सोनोग्राफीचे तीन अहवाल होते आणि तिन्हींत पीसीओडी होते. मुलगी खुर्चीवर बसल्या बसल्या बर्फाचे तुकडे चघळत होती, बाटलीतून आणलेले. बर्फ, माती, कच्चे तांदूळ खाण्याची अशी ओढ लोह अगदी संपल्याची खूण असते, त्यामुळे रक्त काढण्याआधीच मला अर्धे उत्तर मिळाले होते. पायऱ्या चढताना धाप लागते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "लागते, पण माझं वजन वाढलंय म्हणून." वजन ४६ किलो होते.

घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, या प्रश्नावर आजी लगेच म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे सगळ्यांना असंच जातं. माझी तर पिशवीच काढली पस्तिसाव्या वर्षी." हेच वाक्य तुमच्या सासूबाईंचेही आहे, आणि म्हणून मी ते मुद्दाम इथे लिहिते आहे. सगळ्यांना असेच जाते हा दिलासा नसून तपासणीचे सर्वांत भक्कम कारण आहे, कारण हा दोष बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. वडिलांना पाळी नसते, त्यामुळे त्यांचा दोष कोणी विचारत नाही. मी विचारले, तेव्हा कळले की मुलीच्या वडिलांचा लहानपणी उन्हाळ्यात दर आठवड्याला घोळणा फुटत असे आणि दाढ काढली तेव्हा रात्रभर उशी लाल होत होती. मुलीच्या आत्याला बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी एकदम रक्तस्राव होऊन रक्त चढवावे लागले होते. हे सगळे घरात माहीत होते, फक्त एकत्र मांडलेले नव्हते.

तपासण्या मी अशा सांगितल्या. पूर्ण रक्तगणना आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, थायरॉईडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या दोन चाचण्या, आणि फॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण, त्याचे कार्य व आठव्या घटकाची पातळी. लघवीतून गर्भधारणेची चाचणीही केली. ही चाचणी मी पाळी बिघडलेल्या प्रत्येक मुलीची करते, आणि त्यासाठी सोबत आलेल्या माणसांना पाच मिनिटे बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलते; यात संशय नसतो, शिस्त असते. हिमोग्लोबिन ७.४ निघाले, तांबड्या पेशी आकाराने फार लहान होत्या आणि फेरिटिन ४ होते. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपलेला. पीटी आणि एपीटीटी दोन्ही व्यवस्थित होत्या, टीएसएचही. फॉन विलेब्रांड घटक ५२ टक्के आला, म्हणजे साधारण ५० च्या खालच्या मर्यादेच्या किंचित वर.

इथेच पुष्कळ प्रकरणे बंद होतात. पीटी आणि एपीटीटी या घटकाला थेट मोजत नाहीत, त्यामुळे 'गोठण्याची तपासणी नॉर्मल' हे वाक्य त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. बोटाला टोचून करतात ती बीटी-सीटी तर त्याहूनही कमी सांगते. शिवाय अंगातून रक्त जात असताना, भीतीने, रडण्याने, तापात, गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी या घटकाची पातळी तात्पुरती वर जाते. बारा दिवस रक्त गेलेल्या, घाबरलेल्या मुलीचे ५२ टक्के मी खरे मानले नाही. दोन महिन्यांनी, कोणतीही संप्रेरकाची गोळी चालू नसताना, पाळीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा केली. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत पातळी सर्वांत खाली असते. या वेळी प्रमाण ३४ आणि कार्य ३१ टक्के आले. ३० च्या खाली असेल तर निदान आपोआप होते; ३० ते ५० च्या दरम्यान असेल आणि रक्तस्रावाचा असा इतिहास असेल, तरीही होते. तिला फॉन विलेब्रांडचा पहिला, म्हणजे सर्वांत सौम्य प्रकार होता.

नमुन्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा नळी बर्फाच्या डब्यात ठेवून नेतो, त्या थंडीत हा घटक खोटाच कमी दिसू शकतो. म्हणून या एका चाचणीसाठी प्रयोगशाळेत स्वतः जावे, जिथे रक्त लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात. दोनदा जावे लागले तरी चालेल. चुकीचा शिक्का आयुष्यभर पुरतो.

रक्त थांबवण्यासाठी तिला नॉरएथिस्टेरॉन दिले, ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, आणि रक्त थांबल्यावर हळूहळू कमी करत एकंदर तीन आठवडे. ही तीच गोळी, जी गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला बायका घेतात. तिच्याबाबत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोन दिवसांत रक्त थांबले की गोळीही थांबवणे. गोळी बंद झाली की दोन ते चार दिवसांत अस्तर गळते आणि रक्त पुन्हा सुरू होते. मग घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही. औषध लागू पडलेले असते, ते अर्धवट सोडलेले असते. तीन आठवड्यांनी बंद केल्यावरही पाळी येणार, हे मी मुलीला आणि आजीला आधीच कागदावर लिहून दिले होते.

पुढच्या प्रत्येक पाळीत तिला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिले : ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त जाण्याचे दिवस तेवढेच, जास्तीत जास्त पाच. हे संप्रेरक नाही. झालेली गाठ विरघळू न देणे एवढेच त्याचे काम, त्यामुळे पाळीच्या तारखेत त्याने फरक पडत नाही. कोणाला पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ते देत नाहीत आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून ते डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यावे. औषधाच्या दुकानात मात्र बहुधा ट्रॅनेक्सॅमिक आणि मेफेनॅमिक ॲसिड एकत्र असलेली गोळी हातात पडते. मेफेनॅमिक हे दुखण्यावरचे औषध एरवी पाळीत चांगले काम करते, पण ते प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते. रक्त थांबण्याचाच दोष असल्याची शंका असेल, तोवर ते, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावे आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. त्या मुलीला आधी वर्षभर हीच जोडगोळी मिळत होती.

हिमोग्लोबिन ७.४ असूनही तिला रक्त चढवले नाही, कारण नाडी स्थिर होती, उभे राहिल्यावर चक्कर येत नव्हती आणि रक्तस्राव थांबत आला होता. लोहाची गोळी रोज एक दिली. ती कशी घ्यायची, हे इंदूरमध्ये विशेष सांगावे लागते. आपल्याकडे सकाळ पोह्यांनी आणि चहाने सुरू होते, आणि गोळी त्या चहाबरोबरच पोटात जाते. चहा लोह शोषू देत नाही. पोह्यांवरचे लिंबू मदत करते, चहा ती मदत बुडवतो. म्हणून गोळी उपाशीपोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तासाभराने प्यावा. मळमळ होत असेल तर दिवसाआड घेतली तरी चालते, कारण एक दिवस सोडून घेतलेल्या गोळीतले लोह प्रमाणाने अधिक शोषले जाते. चार आठवड्यांत तिचे हिमोग्लोबिन ९.६ झाले आणि बर्फाची ओढ त्याच्याही आधी गेली. हिमोग्लोबिन १२ वर पोहोचल्यानंतरही गोळी तीन महिने चालू ठेवली, कारण रक्त भरले तरी साठा रिकामाच असतो. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन महिनाभर नीट गोळी घेऊनही हलत नाही, तिचा थॅलेसेमियाचा वाहकपणा तपासावा.

तुमच्या मुलीला हाच आजार आहे, असे मी म्हणत नाही. तिचे खंड पाहता बीज न पडणे हेच कारण असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तसे निघाले तर काही महिने ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन किंवा संयुक्त गोळ्या देऊन अस्तर शिस्तीत आणता येते. गर्भाशय धुण्याची, म्हणजे क्युरेटिंगची गरज या वयात जवळजवळ कधीच पडत नाही. कोणी सुचवले तर दुसरे मत घ्या. लग्नाने मात्र यांतले काहीच बदलत नाही.

पुढची भेट ठरेपर्यंत एवढे लक्षात ठेवा : सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छाती धडधडत असेल किंवा ओठ पांढरे पडले असतील, तर सकाळची वाट न पाहता रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि रक्त पाहून मुलगी खोटे घाबरली आहे, असे कोणाला म्हणू देऊ नये.

आणि सासूबाईंशी निवांत बसा. 'सगळ्यांना' म्हणजे कोणाकोणाला, ते विचारा. कोणाचा घोळणा फुटायचा, कोणाची दाढ काढल्यावर रक्त थांबले नाही, कोणाला कशामुळे पिशवी काढावी लागली. आत्याबाईंच्या बाळंतपणाचे विचारताना पहिल्या दिवसावर थांबू नका. हा घटक गरोदरपणात वाढतो आणि बाळंतपणानंतर एक-दोन आठवड्यांत पुन्हा खाली येतो, म्हणून रुग्णालयातून सगळे ठीक घरी आले आणि नंतर रक्त सुटले, अशी हकीकत असेल तर ती नावानिशी कागदावर लिहून भेटीला येताना सोबत आणा.